रविवारी वेळ काढू नकोस

नाशिक,
१२ ऑगस्ट २०००

प्रिय दिनू,

अण्णामामांना आणि मामींना नमस्कार सांग. तुला काय सांगायचं ते पुढे येतंच आहे.

फुटबॉल पंचांच्या वर्गाला जाऊन आले. सगळ्या वर्गात मी एकटीच बाई. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "मॅडम, चहाचं कुठं सांगायचं?" मी म्हटलं, मलाही हवाय, सांगून या. नंतर परीक्षेत तो माझ्या मागच्या बाकावर होता आणि माझ्या पेपरात मान घालत होता. असो. जिल्ह्याच्या पंचांमध्ये तुझ्या आतेबहिणीचं नाव लागलं.

आता तुझ्या कामाची बातमी. या मोसमापासून गोलकीपरची चार पावलं गेली. आतापर्यंत पंच तुमची पावलं मोजायचे. चेंडू हातात घेऊन चारपेक्षा जास्त पावलं टाकलीत की गुन्हा. वेळेबद्दल पंचांना नुसती सूचना होती. त्यामुळे तुझ्यासारखे महाभाग चेंडू छातीशी धरून झाडासारखे उभे राहायचे. पावलंच टाकली नाहीत तर मोजणार काय? आता पावलं हवी तेवढी टाक. पण चेंडू हातात पक्का आल्यावर सहा सेकंदांत सोडायचा. नाही सोडलास तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोलात मारून चालत नाही, आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो.

९२ साली आपल्याच खेळाडूने पायाने दिलेला चेंडू तुम्ही हातात घेणं बंद झालं. तेव्हा तू आपल्या माणसाकडून थ्रो-इन थेट हातात मागवायला लागलास. ९७ साली तेही बंद झालं. तू बिळातून बाहेर येतोस आणि नियम बीळ बुजवतो, असं चाललंय.

बाकी, सुरगाण्याहून स्नेहलचं पत्र आलं होतं. तिची शाळा सुरू झालीय, शिकवायला वर्गात चाळीस पोरं आहेत. तुझ्याबद्दल एक ओळ होती: "त्याला काही विचारू नकोस." म्हणून विचारते. लग्नाचं अण्णांशी बोललास का?

तुझी,
पल्लवीताई

*

पिंपळगाव बसवंत,
२७ ऑगस्ट २०००

पल्लवीताईस नमस्कार,

पंचबाईंचं अभिनंदन. घरात एक पोलीस झाला म्हणून पेढे वाटावेत तसं वाटलं. आई म्हणाली, "पोरगी उन्हात पळनार का आता?" मी म्हटलं, पळणार आणि मला पळवणार.

सहा सेकंदांचं ठीक आहे. पण मोजणार कधीपासून? मी चेंडू झेलला आणि जमिनीवर पडलो. पडल्यावर माणूस लगेच उठतो का? पोटाखाली चेंडू घेऊन मी जरा देवाचं नाव घेतो. उठतो, धूळ झटकतो. मग कुणी मोजायला लागलं तर लागू दे. गोल किकला चेंडू डावीकडे ठेवतो, मग आठवतं की वारा उजवीकडून बरा आहे, म्हणून उजवीकडे नेऊन ठेवतो. बुटाची नाडी सुटते. पोटरीत गोळा येतो. दुसऱ्या कुणाला गोळा आला तर उपचारानंतर त्याला मैदानाबाहेर जावं लागतं, गोलकीपरला नाही. हे मला तूच शिकवलंस, विसरू नकोस.

आणि ताई, हे कौशल्य आहे. आम्ही पुढे असतो तेव्हाच करतो. आमच्या संघात सगळे मार्केटातले हमाल, पॅकहाउसमधली पोरं. शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय उचलत नाहीत. त्यांना श्वास घ्यायला वेळ मीच मिळवून देतो.

अण्णांशी बोलायचं आहेच. पण सध्या बेदाण्याच्या एका व्यवहारात त्यांचं डोकं फिरलंय. ते निस्तरलं की बोलतो. तुला माहीत आहे अडचण काय आहे. स्नेहलचे वडील चंदरकाका दोन हंगाम आमच्याच द्राक्षबागेत कामाला होते. शेडमध्ये राहायचे सगळे. अण्णा म्हणतील, ज्याच्या हातात मी मजुरी दिली त्याला आता व्याही म्हणू का? ते एकदा नाही म्हणाले की संपलं. म्हणून योग्य वेळ बघतोय.

दिनेश

*

नाशिक,
१० सप्टेंबर २०००

प्रिय दिनू,

तुझं पत्र मी वर्गातल्या दोघा पंचांना वाचून दाखवलं, नाव न सांगता. पोट धरून हसले. मग एकजण म्हणाला, याला ओळखतो मी.

आता एकेक घे. तू पडलेला असताना कुणी मोजत नाही. चेंडूवर तुझा ताबा आहे आणि तो सोडायला तू मोकळा आहेस, तिथून मोजणी सुरू. समोरचा फॉरवर्ड तुझ्या वाटेत नाचत असेल तर त्याला आधी हटवायचं, तोवर तुझ्यावर अन्याय नाही. पण पोटाखाली चेंडू घेऊन उगाच लोळत राहिलास तर तो वेळकाढूपणाच, पंच आंधळा नसतो.

गोल किक छोट्या चौकटीतून कुठूनही मारता येते. त्यामुळे डावीकडचा चेंडू उजवीकडे नेण्याला काही अर्थ नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. खेळ पुन्हा सुरू करायला उशीर, म्हणजे पिवळं कार्ड. नाडी, धूळ, वारा सगळं त्यातच आलं. दुसरं पिवळं म्हणजे लाल, आणि मग तुमच्या एखाद्या हमालाला ग्लोव्हज घालून गोलात उभं करा. पोटरीत गोळा आला तर तुला बाहेर काढणार नाही हे खरं. पण माझं घड्याळ त्याची नोंद ठेवतं. उपचार, बदली खेळाडू, वेळकाढूपणा, सगळा वाया गेलेला वेळ शेवटी जोडायचा. किती जोडायचा ते फक्त पंच ठरवतो.

मग कार्ड कशाला, असं तू विचारशील. वेळ मी परत देऊ शकते. पण समोरच्या संघाची चढाई रंगात आलेली असते, तुमची माणसं गोंधळलेली असतात, ते काही मला शेवटी परत देता येत नाही. ते चोरीलाच जातं. त्यासाठी कार्ड.

योग्य वेळ बघतोस म्हणे. तीन वर्षांत आधी छाटणी होती, मग काढणी, मग तुझ्या बहिणीचं लग्न, आता बेदाणे. स्नेहलला गेल्या महिन्यात एक स्थळ आलं, सुरगाण्यातच, तलाठी आहे. तिने नाही म्हटलं. चंदरकाकांनी कारण विचारलं तेव्हा तिने तुझं नाव सांगितलं. तिच्या बाजूने सांगून झालंय, दिनू. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याला म्हनावं, एकदा समोर येऊन बस." तलाठ्याची माणसं भात कापणी झाल्यावर पुन्हा विचारणार आहेत.

पल्लवीताई

*

पिंपळगाव,
२९ ऑक्टोबर २०००

ताईस नमस्कार,

उशीर झाला लिहायला. छाटणी संपली, दिवाळी झाली, आणि आम्ही उपांत्य सामना जिंकलो. एक-शून्य. शेवटची दहा मिनिटं मी कशी काढली ते पंच असलेल्या माणसाला सांगणार नाही. त्या पंचाने मला पाचदा बोटाने दम दिला आणि एकदाही खिशात हात घातला नाही. संपल्यावर पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

अंतिम सामना १९ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, नाशकात. आणि आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र मी तेव्हापासून खिशात घेऊन हिंडतोय. तलाठ्याचं वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. मी ठरवलंय. रविवारी मी वेळ काढतो. सामना संपला की तिथूनच सुरगाण्याची जीप धरतो आणि संध्याकाळच्या आत काकांसमोर बसतो. अण्णांशी नंतर बोलेन, आधी तिकडचं मन तर कळू दे.

तू स्नेहलला विचारून ठेव. माझं तिला पत्र लिहायचं धाडस होत नाही, आणि तिच्या शाळेजवळ फोन नाही. तिला नको असेल, तलाठ्याला होकार गेला असेल, तर तसं स्पष्ट कळव. मी वेळ काढून उगाच कुणाच्या दारात उभा राहणार नाही.

दिनेश

*

नाशिक,
९ नोव्हेंबर २०००

प्रिय दिनू,

अंतिम सामन्याची शिट्टी माझ्याकडे आलीय. तू माझा मामेभाऊ आहेस हे मी समितीला लेखी कळवलं. सेक्रेटरी म्हणाले, नातेवाईक वगळत बसलो तर जिल्ह्यात शिट्टी वाजवायला माणूस उरणार नाही. त्यामुळे सामना होईपर्यंत आपलं बोलणं बंद, भेटणं बंद, आणि पत्रही हे शेवटचं.

तुझा निरोप स्नेहलला पोचवला. तिने वडिलांनाही सांगितलं.

रविवारी वेळ काढू नकोस. एवढंच माझं सांगणं आहे.

पल्लवी

*

पिंपळगाव,
२२ नोव्हेंबर २०००

ती. पल्लवीताईस,

हरलो म्हणून लिहीत नाही. हरणं-जिंकणं चालायचंच. पण तू ज्या कोरडेपणाने मला ते कळवलंस, त्याचं वाईट वाटलं. "रविवारी वेळ काढू नकोस." एका ओळीत तीन वर्षं संपली. निदान तलाठ्याला होकार दिला की दुसरं काही, एवढं तरी लिहायचंस.

त्या सकाळी मैदानात उतरलो तेव्हा माझं लक्ष कशातच नव्हतं. आमचा गोल झाला तरी मी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या हाफमध्ये सवयीने सगळं केलं. चेंडू डावीकडून उजवीकडे नेला, तू पिवळं कार्ड दाखवलंस. ते बरोबरच होतं. पोटरी धरून बसलो, तेही खोटंच होतं, तू घड्याळाकडे बघितलंस.

पण ताई, तो शेवटचा चेंडू. कॉर्नरवरून आलेला, मी उंच उडी मारून झेलला. उभा राहिलो. समोर कुणी नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं की आता सामना संपेल, सगळे घरी जातील, आणि मला कुठेच जायचं नाही. सुरगाण्याची जीप सीबीएसच्या बसस्टँडवरून सुटेल आणि मी तीत नसेन. पोरं ओरडत होती, "मार, दिन्या, मार." मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. मग तुझी शिट्टी झाली.

आईशपथ सांगतो, तेव्हा मी वेळ काढत नव्हतो. आयुष्यभर काढला आणि कुणी पकडलं नाही. त्या एका वेळी विचारात होतो आणि तू पकडलंस.

पुढचं तुला माहीत आहे. मी छोट्या चौकटीत उभा होतो म्हणून चेंडू तिच्या पुढच्या रेषेवर ठेवला. आम्ही अकराच्या अकरा जण दोन खांबांच्या मधे गोलरेषेवर भिंतीसारखे उभे. इनडायरेक्टची खूण म्हणून तुझा हात वर. एकाने हलकेच बाजूला सरकवला, आम्ही धावलो, दुसऱ्याने आमच्या पायांमधून मारला. एक-एक. मग तू हात वर करून पाच बोटं दाखवलीस, पाच मिनिटं जादा. ती पाच मिनिटं माझीच, मीच साठवलेली. त्यातल्या चौथ्या मिनिटाला त्यांनी दुसरा गोल केला.

कुणी मला बोललं नाही. तेच जास्त लागलं. स्नेहलला सांग, सुखी राहा म्हणावं.

दिनेश

*

नाशिक,
२५ नोव्हेंबर २०००

दिनू,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. मग रडले. मग पुन्हा वाचलं आणि हसू आलं, आणि त्या हसण्याचा राग आला.

अरे गाढवा, मी पंच म्हणून लिहिलं होतं. रविवारी मैदानात वेळ काढू नकोस. तुझे नेहमीचे चाळे करू नकोस, कारण शिट्टी माझ्याकडे आहे आणि मी सोडणार नाही. तुझ्याच पत्रात "वेळ काढतो" होतं ते माझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच वेळ काढणं होतं, तुझ्या डोक्यात दुसरं. स्नेहलला नको असतं तर मी "नको" लिहिलं असतं. तूच तर तसं सांगितलं होतंस. निरोप पोचवला म्हटलं, त्याचा अर्थ ये असाच होतो ना.

मला वाटलं, हरल्यामुळे तोंड न दाखवता निघून गेलास, पण जीप धरली असशील. चार-पाच दिवस मी खुशीत होते. मग काल स्नेहल आली. शाळेला रजा टाकून आली.

त्या दिवशी काकांनी अंगण सारवून घेतलं होतं. नव्या तांदळाचा भात, नागलीची भाकरी, काकूंनी कोंबडा कापलेला. काका फाट्यावर जाऊन जीपची वाट बघत बसले. शेवटची जीप येऊन गेल्यावर घरी आले आणि म्हणाले, "नाय आला. जेवा आता." स्नेहल सांगताना रडली नाही. मला म्हणाली, "पल्लवी, तो विचार करतोय की वेळ काढतोय, हे मला तीन वर्षांत कळलं नाही. आणि आता कळून घ्यायचंही नाही."

दिनू, तू म्हणतोस त्या एका वेळी तू खरंच विचारात होतास. मी मानते. पण माझ्या हातात घड्याळ होतं. चेंडू तुझ्या हातात, समोर मोकळं मैदान, मी मनात सहा मोजले, दोन वर सोडले, मग शिट्टी वाजवली. तू विचारात आहेस की लबाडी करतोस, हे बाहेरून सारखंच दिसतं रे. समोरच्याला खेळायला मिळत नाही, एवढंच खरं.

शिट्टीनंतरसुद्धा तू चेंडू काखेत धरून उभा होतास. माझा हात खिशाशी गेला होता. आणखी जरा धरला असतास तर दुसरं पिवळं झालं असतं. तू बघितलंस माझ्याकडे, आणि खाली ठेवलास. ते मला आवडलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं मी.

स्नेहलला मी तुझं पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.  चूक माझ्या ओळीची आहे, मी तिला तसं सांगितलं. पण पुढचं मला करता येणार नाही. आता निरोप्या नको. अण्णांशी आधी बोल, मग जा. काका म्हणालेत, आला तर बापाला घेऊन ये.

पल्लवीताई

*

पिंपळगाव,
४ डिसेंबर २०००

पल्लवीताईस नमस्कार,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी अण्णांशी बोललो. ते पॅकहाउसमध्ये क्रेट मोजत होते. मी म्हटलं, अण्णा, चंदरकाकांच्या स्नेहलशी मला लग्न करायचंय, तीन वर्षं झाली, तुम्ही नाही म्हणाल या भीतीने सांगितलं नाही. ते मोजत राहिले. मग मोजणी चुकली म्हणून माझ्यावर ओरडले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं झालं, संपलं.

शनिवारी जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "चंदर म्हणजे तो शांत माणूस ना? दुपारच्याला सगळे झोपायचे आन हा पोरीला शिकवत बसायचा." आई म्हणाली, तीच पोरगी. अण्णा म्हणाले, "मास्तरीण झाली का?"  हात धुताना म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

टेम्पो घेऊन गेलो. काल. घाटात अण्णा एकदाच बोलले, "माझ्याकडे दोन वर्षं राहिला, मी कधी त्याला घरात बोलवलं नाही." 

चंदरकाका अंगणातच होते. अण्णांना बघून उठले. मला वाटलं आता हात जोडून उभे राहतील, शेडमध्ये असताना राहायचे तसे. पण ते घरमालकासारखे पुढे आले आणि म्हणाले, "या. बसा." अण्णा घोंगडीवर बसले. काकांनी विचारलं, "माझे घरचं जेवाल का?" अण्णा म्हणाले, "जेवायलाच आलोय." आणि ताई, जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मी काकांना सगळं सांगितलं. तुझी ओळ, माझं डोकं, सगळं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी फाट्यावर बसलो व्हतो त्या दिवशी. पोरीला ईचार. मला काय तलाठी, काय तू. तिचं ती सांगंल."

स्नेहल विहिरीकडून आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी उत्तर देईन. पण आज नाही. मला खरंच विचार करायचाय." आणि मी, ताई, मी म्हटलं, घे वेळ. दुसरं काय म्हणणार? तीन वर्षं ती थांबली. आता मला थांबता आलं पाहिजे. ती म्हणाली, "तोपर्यंत रविवारी येत जा. पोरांना फुटबॉल शिकव. शाळेत एक चेंडू आलाय, कुणाला काही कळत नाही."

तर आता दर रविवारी सकाळची जीप. येताना अण्णा म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

दिनेश

*

सुरगाणा,
७ जानेवारी २००१

प्रिय पल्लवी,

तुझ्या भावाबद्दल तुला एका ओळीपेक्षा जास्त मी पहिल्यांदाच लिहितेय. आजवर त्याच्याबद्दल मला तूच सांगायचीस.

चार रविवार तो आला. पाचवा आज. एकदा जीप बंद पडली तर बोरगावपासून चालत आला, पण सांगितलं नाही, पायातल्या फोडांवरून मला कळलं. पोरांना तो गोलकीपरची कामं शिकवतो. आमच्या वर्गातला एक मुलगा चेंडू धरून उभा राहिला तर दिनेशच ओरडला, "सोड, सोड, लगेच सोड, पुढे तुझी माणसं वाट बघतायत." मी वर्गाच्या खिडकीत उभी होते. मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी फळा पुसायचं निमित्त केलं. कितीतरी दिवस मी माझं मन तपासत होते. राग निघून गेला का, की मीच त्याला शिक्षा देतेय. आज कळलं की राग गेला होता आणि मला नुसती त्याच्या येण्याची सवय झाली होती. तशी सवय आयुष्यभर असावी असं वाटलं.

त्याला सांगायला फाट्यावर गेले. तो जीपमध्ये मागे लटकलेला, ड्रायव्हरने गाडी सुरू केलेली. मी म्हटलं, माझं हो आहे. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकूच आलं नाही. म्हणाला, "काय? पुढच्या रविवारी काही आणायचंय का?" जीप हलली. मग मी ओरडले, "माझं हो आहे, दिनेश." सगळी जीप वळून बघायला लागली. बाजाराला निघालेल्या भिमाबाई आत बसल्या होत्या, त्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारून म्हणाल्या, "थांबव रं, पोरगी काय सांगती ते ऐकू दे त्याला."

जीप थांबली. तो उतरला. बराच वेळ आम्ही दोघं रस्त्यात उभे होतो, आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही.

तुझी,
स्नेहल